पनवेलच्या पदवीधरांनो, पहिली केस स्टडी तिकीटघराबाहेर आहे



पनवेल, नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, भाताण या भागांतल्या कॉलेजांतून यंदा तुमच्यापैकी काही जण मानसशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडताय, काही जण अभियांत्रिकीची. दोन्हीकडच्या काहींनी यूएक्स डिझाइनमध्ये जायचं ठरवलं आहे. हे पत्र त्यांच्यासाठी आहे. मी याच क्षेत्रात काम करते आणि नव्या उमेदवारांचे पोर्टफोलिओ वाचणं हा माझ्या कामाचा भाग आहे. म्हणून करिअर या मोठ्या विषयावर न लिहिता त्यातल्या एकाच गोष्टीवर लिहिते आहे, ती म्हणजे तुमची पहिली केस स्टडी. तुम्हाला मुलाखतीला बोलवायचं की नाही, हे बहुतेक वेळा तिच्यावरूनच ठरतं.

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पहिल्या केस स्टडी एकाच वळणाच्या असतात. जेवण मागवायचं किंवा गाणी ऐकायचं एखादं नावाजलेलं अॅप घेतलेलं असतं. त्यात 'रिया, वय २४, बंगळुरू' अशी एक काल्पनिक व्यक्ती असते आणि तिच्या नावाखाली इंटरनेटवरून घेतलेला हसरा फोटो असतो. मग रंगीत चिठ्ठ्यांचा तक्ता येतो, रंगसंगती आणि अक्षरांचा एक पानभर तपशील येतो, आणि शेवटी मोबाइलच्या चौकटीत बसवलेले देखणे स्क्रीन येतात. काम नीटनेटकं असतं, मेहनतही दिसते. पण मी विचारते, "ही अडचण तुम्हाला कुठे दिसली? कोणाला आली? त्या माणसाने त्यानंतर काय केलं?" यावर उत्तर येत नाही, कारण रिया कधी कोणाला भेटलेलीच नसते.

अशा कामातून उमेदवाराची निर्णयशक्ती दिसत नाही. त्या कंपनीने एखादं बटण तिथेच का ठेवलं, कोणता कायदा, कोणता खर्च, कोणती तांत्रिक अडचण त्यामागे आहे, हे तुम्हाला बाहेरून कळायला मार्ग नसतो. मग तुम्ही अडचणीच्या वाटणाऱ्या गोष्टी सरळ काढून टाकता आणि स्क्रीन सुटसुटीत दिसू लागतो. नोकरीत मात्र त्या गोष्टी काढता येत नाहीत. त्या तशाच राहणार हे धरून माणसाचं काम सोपं करणं, यालाच हा व्यवसाय म्हणतात.

मानसशास्त्र आणि अभियांत्रिकी या दोन्ही वाटा या क्षेत्रात जुन्या आहेत. डॉन नॉर्मन यांनी एमआयटीमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि नंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून मानसशास्त्रात डॉक्टरेट केली. १९९३ मध्ये ते अॅपल कंपनीत गेले आणि 'यूजर एक्सपिरिअन्स' हे शब्द त्यांनी तिथे स्वतःच्या पदनामात वापरले. म्हणजे या कामाला नाव देणाऱ्या माणसाकडे तुमच्या दोघांचंही शिक्षण होतं. तुमच्याकडे मात्र प्रत्येकी एकच बाजू आहे, आणि पहिल्या केस स्टडीत ती स्पष्ट दिसते. मानसशास्त्राचे विद्यार्थी मुलाखती छान घेतात, निष्कर्षांची यादी काढतात आणि तिथेच थांबतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी पहिल्याच दिवशी फिगमा उघडतात आणि प्रश्न कोणता हे ठरण्याआधी उत्तर काढून मोकळे होतात.

नोकरीच्या बाजारातली एक गोष्टही आधीच सांगून ठेवते. फक्त संशोधन करणाऱ्या यूएक्स रिसर्चरच्या जागा नवख्यांसाठी फार थोड्या असतात. ऐरोली-महापेतल्या मोठ्या आयटी कंपन्या असोत की मुंबईतले छोटे स्टुडिओ, बहुतेकांना लोकांशी बोलणारा, स्क्रीन काढणारा आणि डेव्हलपरशी वाटाघाट करणारा एकच माणूस हवा असतो. म्हणून मानसशास्त्रवाल्यांनी 'मी फक्त रिसर्च करेन' असं सुरुवातीलाच म्हणू नये. कोडिंग येतं एवढ्यावर काम भागेल, असं अभियांत्रिकीवाल्यांनीही धरून चालू नये. माझा आग्रह असा की पहिली केस स्टडी दोघांनी जोडीने करावी. मानसशास्त्राचा एक, अभियांत्रिकीचा एक. आपल्या गावात ही जोडी जमवायला एक रिक्षा पुरते.

आता विषय कुठून आणायचा? आपलं पनवेल स्टेशन घ्या. इथून हार्बरची लोकल सीएसएमटीकडे जाते, ट्रान्सहार्बरची ठाण्याकडे जाते, आणि कोकणात जाणाऱ्या लांबच्या गाड्याही इथे थांबतात. त्यामुळे साधं, अनारक्षित तिकीट काढणारी नाना तऱ्हेची माणसं एकाच आवारात भेटतात. तिकीट काढायला खिडकी आहे, एटीव्हीएम यंत्रं आहेत आणि मोबाइल आहे. मोबाइलसाठी बरीच वर्षं रेल्वेच्या क्रिस या संस्थेचं यूटीएस अॅप होतं. १ जुलै २०२५ रोजी त्याच संस्थेने रेलवन हे एकत्रित अॅप आणलं.

या मोबाइल तिकिटात एक नियम आहे, आणि तुमची केस स्टडी त्याच नियमापाशी आहे. कागदविरहित तिकीट, म्हणजे फोनवरच दाखवायचं तिकीट, फलाटावर उभं राहून किंवा गाडीत बसून काढता येत नाही. फोनच्या जीपीएसवरून तुम्ही रुळांच्या फार जवळ आहात असं दिसलं, तर अॅप नकार देतं. कारण उघड आहे. तसं काढता आलं असतं, तर टीसी समोर दिसल्यावर तिकीट काढून मोकळं होता आलं असतं. यूटीएसमध्ये तिकिटाचा दुसरा एक प्रकारही होता. त्यात पैसे मोबाइलवर भरायचे आणि कागदी तिकीट स्टेशनवरच्या यंत्रातून छापून घ्यायचं. त्या प्रकारात स्टेशनात उभं असण्याची अडचण येत नव्हती. आजच्या अॅपमध्ये तो मार्ग आहे का, हे आधी तपासा.

आता घाईत आलेल्या माणसाची कल्पना करा. तो रिक्षातून उतरतो, जिना चढतो, आडोशाला उभा राहतो, अॅप उघडतो, 'कागदविरहित' निवडतो, स्टेशनांची नावं भरतो, आणि मग अॅप नाही म्हणतं. हे खरोखर किती लोकांचं होतं, कोणाचं होतं, ते पुढे काय करतात, हे मी सांगणार नाही. ते तुम्ही शोधायचं आहे. अॅपची मांडणी बदलत असते, म्हणून माझ्या वर्णनावरही विसंबू नका. ज्या दिवशी काम सुरू कराल त्या दिवशीचे स्क्रीन तारखेसह टिपून ठेवा.

पहिला खड्डा माणसं निवडताना येतो. सकाळी साडेआठला स्टेशनवर गेलात तर गर्दी भरपूर दिसेल, पण त्यातले पुष्कळ जण पासधारक असतात. त्यांना रोजचं तिकीट काढावंच लागत नाही. तुमच्या वर्गातले मित्रही विद्यार्थी सवलतीच्या पासवरच प्रवास करतात. पासधारक तुमच्या प्रश्नाला उत्तर देईल, पण ते आठवणीतलं आणि अंदाजाचं असेल. सुटं तिकीट काढणारी माणसं उशिरा येतात. दवाखान्यात निघालेली आजी, लग्नाला चाललेलं कुटुंब, गावाहून एसटीने पनवेलला उतरून पुढे लोकल धरणारा माणूस, कोकणात जाण्यासाठी सामानासह थांबलेली मंडळी, हे लोक तुम्हाला अकरानंतर किंवा रविवारी भेटतील. केस स्टडीत 'आम्ही पासधारकांना वगळलं आणि का वगळलं' हे एकच वाक्य लिहिलंत, तरी वाचणाऱ्याला कळतं की या उमेदवाराने विचार केला आहे.

दुसरी गोष्ट पाहण्याची. कोणाच्याही खांद्यावरून त्याच्या फोनमध्ये डोकावू नका. तिथे पैशांचा पिन टाकला जात असतो. स्टेशनात कॅमेरा लावून चित्रीकरणही करू नका. त्याला परवानगी लागते आणि केस स्टडीला त्याची गरजही नाही. बाहेर, चहाच्या टपरीपाशी, ज्याला वेळ आहे अशा माणसाला गाठा. आपण कोण, हे कशासाठी, नाव लिहिणार नाही, नको वाटलं तर केव्हाही थांबता येईल, हे आधी सांगा. संमती कशी घ्यायची हे मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत तुम्ही शिकला आहात. इथेही ती तशीच घ्यायची आहे.

मग विचारायचं काय? 'अॅप वापरायला अवघड वाटतं का?' हा प्रश्न विचारू नका, कारण त्यातच उत्तर भरवलेलं आहे. जॉन फ्लॅनागन या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक पद्धत मांडली होती. लोकांना मत विचारायचं नाही, घडलेला एक ठरावीक प्रसंग सांगायला लावायचा. ती पद्धत इथे चपखल बसते. "शेवटचं तिकीट मोबाइलवर काढलंत तेव्हा कुठे उभे होता? सुरुवातीपासून सांगाल?" असं विचारा आणि गप्प बसा. माणूस 'तिकीट नाही निघालं' म्हणाला, की पुढचा प्रश्न एकच: "मग काय केलंत?" कोणी पुन्हा पुन्हा तेच बटण दाबलं असेल, कोणी लोकेशन बंद करून चालू केलं असेल, कोणी पुलावरून मागे चालत गेला असेल, कोणी सरळ खिडकीच्या रांगेत लागला असेल. हे पुढचं पाऊल तुमचं खरं साहित्य आहे. अॅपचा नकार माणसाला काय म्हणून समजला, ते त्यावरून उघड होतं. लोकेशन बंद-चालू करणाऱ्याला वाटतं की फोन बिघडला आहे. मागे चालत जाणाऱ्याला नियम कळलेला आहे. दोघांनाही तिकीट मिळालेलं नाही, पण दोघांच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे असतील.

आठ-दहा जणांशी असं बोललात की अडचण एका वाक्यात लिहून पाहा. 'अॅपचा यूआय जुनाट आहे' हे ते वाक्य नव्हे. साधारण असं लिहिता आलं पाहिजे: 'स्टेशनात पोचल्यावर पहिल्यांदा अॅप उघडणाऱ्या माणसाला नकार सगळी माहिती भरल्यावर कळतो, आणि त्याच जागी चालणारा दुसरा मार्ग आहे हे त्याला समजत नाही.' या वाक्यात माणूस आहे, जागा आहे, वेळ आहे आणि त्याचं काय अडलं तेही आहे. तुमच्या मुलाखतींतून वेगळंच निघालं, तर वाक्य बदला. माझं वाक्य खरं करून दाखवण्यासाठी पुरावे गोळा करू नका.

इथे अभियांत्रिकीच्या जोडीदाराचं काम सुरू होतं. नवखा डिझायनर या ठिकाणी हमखास म्हणतो की हा नियमच काढून टाकावा. तो रेल्वेच्या महसुलासाठी आहे आणि तो राहणार. मग पुढचा विचार असा येतो की अॅप उघडताक्षणी माणूस आत आहे की बाहेर हे ओळखावं आणि तसा स्क्रीन दाखवावा. पण फोनला ते कितपत खात्रीने कळतं? अँड्रॉइडवर स्थानाबरोबर अचूकतेचा एक आकडा येतो. तो मिळतो `getAccuracy()` मधून. हा आकडा मीटरमधली एक त्रिज्या असतो, आणि माणूस त्या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के धरलेली असते. उघड्यावर ती त्रिज्या लहान असते. छपराखाली, पुलाखाली, उंच भिंतींच्या मध्ये ती वाढते. म्हणजे स्टेशनबाहेर उभ्या माणसालाही नकार मिळू शकतो आणि आतला सुटू शकतो. म्हणून तुमच्या रचनेत दोन अवस्था पुरणार नाहीत, तीन लागतील: नक्की बाहेर, नक्की आत आणि नक्की सांगता येत नाही. तिसऱ्या अवस्थेचा स्क्रीन मी नवख्यांच्या पोर्टफोलिओत क्वचितच पाहते, आणि तो दिसला की त्या उमेदवाराला भेटावंसं वाटतं.

आता निदान तीन पर्याय कागदावर काढा. पहिल्यात नकाराचा संदेशच सुधारायचा: कुठल्या दिशेला किती सरकायचं ते सांगायचं. दुसऱ्यात, माणूस आवारात दिसतो आहे असं वाटलं की स्टेशनांची नावं विचारण्याआधीच छापील तिकिटाचा मार्ग वर आणायचा. तिसऱ्यात, माणूस अजून रिक्षात किंवा घरी असतानाच तिकीट काढायची आठवण द्यायची. पर्याय निवडताना प्रत्येकाची किंमत लिहा. पहिल्यात माणसाला गाडी सोडून मागे जावं लागतं, शिवाय जीपीएसच चुकत असेल तर सांगितलेली दिशाही चुकेल. तिसऱ्यासाठी अॅप बंद असतानाही स्थान वाचण्याची परवानगी मागावी लागते, आणि तिकिटापुरतं अॅप वापरणारा माणूस ती का देईल? दुसऱ्यात माणूस यंत्रावर अवलंबून राहतो. मी असते तर दुसरा निवडला असता. तुम्ही वेगळा निवडलात तरी हरकत नाही, पण निवडीचं कारण आणि सोडलेल्या दोन पर्यायांची चित्रं केस स्टडीत ठेवा. टाकून दिलेलं काम दाखवायला मुलं लाजतात. वाचणाऱ्याला तर तेच हवं असतं.

चाचणीसाठी लगेच फिगमात चकचकीत स्क्रीन करू नका. फोनच्या आकाराचे कागद कापा, त्यावर पेनाने काढा. कागदावरचं चित्र पाहून लोक बिनधास्त बोलतात, कारण ते बदलता येईल असं दिसतं. टपरीपाशी बसलेल्या माणसाला प्रसंग द्या: "तुम्ही तिकीटघराशी उभे आहात. चेंबूरला जायचं आहे. गाडीला सात मिनिटं आहेत. तिकीट काढा. काढताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा." तो बोट ठेवेल तसा पुढचा कागद जोडीदाराने समोर सरकवायचा. दुसऱ्याने फक्त लिहायचं. माणूस अडला तर मदत करायची नाही. तो 'आता काय करू?' म्हणाला तर "आम्ही इथे नसतो तर काय केलं असतंत?" एवढंच विचारायचं. समोरचा माणूस गोंधळलेला पाहून गप्प राहणं फार जड जातं, पण तुम्ही बोट दाखवलंत की ती चाचणी वाया गेली.

उदाहरणादाखल, समजा पहिल्याच चाचणीत कागदावर असं लिहिलं आहे: 'जवळच्या यंत्रावर छापा'. माणूस थांबतो आणि विचारतो, "म्हणजे तिथे परत पैसे भरायचे?" तुम्हाला वाक्य स्वच्छ वाटलं होतं, पण पैसे आधीच गेले आहेत हे त्यात कुठेच नव्हतं. दुसऱ्या माणसालाही तेच वाटलं, तर तिसऱ्याची वाट पाहू नका. तिथेच कागद खोडा आणि लिहा: 'पैसे भरले. आता फक्त तिकीट छापायचं आहे.' मग उरलेल्यांवर नवा कागद वापरा आणि कोणाला कोणता कागद दाखवला याची नोंद ठेवा. पुढे कोणी तरी विचारेल, "यंत्र बंद असेल तर?" हा फार चांगला प्रश्न आहे. उत्तर माहीत नसेल तर तिकीट खिडकीवर विचारून या, अॅपचे नियम वाचा, आणि तरीही नक्की कळलं नाही तर केस स्टडीत तो उघडा प्रश्न म्हणून लिहा. त्यावर काल्पनिक उत्तर रंगवू नका.

किती जणांवर चाचणी घ्यायची? 'पाच जण पुरतात' हे तुम्ही ऐकलं असेल. ते कुठून आलं ते समजून घ्या, म्हणजे मुलाखतीत अडणार नाही. जेकब नीलसन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये एक गणिती सूत्र मांडलं. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एखादी अडचण एका माणसाच्या चाचणीत सापडण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के होती. मग पाच माणसांत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता अशी निघते:

```
1 - (1 - 0.31)^5 = 0.84
```

म्हणजे सुमारे ८४ टक्के. पण ही सरासरी आहे. दहातल्या एकालाच छळणारी अडचण घेतली, तर हेच गणित ४१ टक्क्यांवर येतं. पाच जणांत ती दिसली नाही, म्हणून ती नाही असं म्हणता येत नाही. ज्येष्ठ माणसं, अक्षर ओळखायला वेळ लागणारी माणसं, उसना फोन वापरणारी माणसं यांच्या अडचणी अशाच निसटतात. म्हणून पाच जण एकाच साच्यातले घेऊ नका. आणि पाच जणांच्या चाचणीवर टक्केवारी कधीही लिहू नका. 'समाधान ८० टक्क्यांवर गेलं' असं वाचलं की मी तो पोर्टफोलिओ बाजूला ठेवते. 'पाचपैकी चौघांनी मदतीशिवाय तिकीट काढलं, पाचवा छपाईच्या पायरीवर थांबला' हे वाक्य प्रामाणिक आहे आणि त्यातून कळतंही जास्त.

एक धोका मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लगेच ओळखता यावा. समोरचा माणूस तुम्हाला खूश करायला बघतो. २०१२ मध्ये निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी बंगळुरूमध्ये केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना दोन पर्याय दाखवले आणि त्यातला एक समोर बसलेल्या मुलाखतकाराने केला आहे असं सुचवलं. लोकांनी तो पर्याय पसंत करण्याची शक्यता अडीच पटीने वाढली. मुलाखतकार परदेशी होता आणि दुभाष्यामार्फत बोलत होता, तेव्हा ती पाच पटीपर्यंत गेली. आपल्याकडेही कॉलेजच्या पोरांना नाउमेद करणं लोकांच्या जिवावर येतं. "छान केलंय, बाळा" ही माया आहे, तो पुरावा नाही. म्हणून 'हे आम्ही केलं आहे' असं सांगू नका. 'आवडलं का' विचारू नका. माणसाने काय केलं, कुठे थांबला, काय चुकीचं दाबलं, एवढंच मोजा.

आता लिहिणं. केस स्टडी वाचणारा माणूस पहिल्यांदा ती दोन-चार मिनिटंच पाहतो, म्हणून सुरुवात निष्कर्षाने करा: कोणाची अडचण, तुम्ही काय बदललं, चाचणीत काय दिसलं. मग पुढचं सगळं सविस्तर. पुरावा म्हणून टपरीपाशी लिहिलेल्या वहीच्या पानाचा फोटो लावा, नावं झाकून. खोडलेला कागद आणि त्यानंतरचा कागद शेजारी शेजारी ठेवा. बोलणं मराठीत झालं असेल तर लोकांची वाक्यं मराठीतच द्या आणि खाली इंग्रजीत अर्थ लिहा. मुलाखत घेणारा मराठी नसला तरी त्याला दिसेल की तुम्ही खऱ्या माणसांशी बोलला आहात. फिगमातले सुबक स्क्रीन शेवटी येऊ द्या, आणि चार पुरतात.

दोघांनी मिळून केलं असेल तर कोणी काय केलं ते स्पष्ट लिहा. 'आम्ही' या शब्दामागे लपलेला उमेदवार मुलाखतीत लगेच उघडा पडतो. मानसशास्त्राच्या जोडीदाराने निदान एक स्क्रीन स्वतः काढलेला असावा आणि अभियांत्रिकीच्या जोडीदाराने निदान दोन मुलाखती स्वतः घेतलेल्या असाव्यात. आणि नम्रपणे, पण ठासून, एक ओळ लिहा: हे काम रेल्वेसाठी केलेलं नाही, अभ्यास म्हणून केलं आहे. त्या कामाने तिकीटविक्री वाढली, रांग कमी झाली, असले दावे करू नका. ते तुम्ही मोजलेलं नाही.

हे सगळं तीन आठवड्यांत होतं. पहिला आठवडा मुलाखतींचा, दुसरा कागदांचा आणि चाचण्यांचा, तिसरा लिहिण्याचा. अशा दोन केस स्टडी झाल्या की अर्ज करायला लागा. दुसरीसाठी विषय मुद्दाम वेगळ्या जातीचा घ्या. मोबाइलवरच्या घाईच्या कामानंतर, उदाहरणार्थ, महापालिकेच्या मालमत्ता कराचं बिल घ्या. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली, त्यामुळे इथल्या पुष्कळ घरांत असं बिल नवंच आहे. ते कागदावर येतं, सावकाश वाचलं जातं, घरातली दोन-तीन माणसं मिळून वाचतात, आणि त्यात समजण्याचा प्रश्न बोटाने दाबण्याच्या प्रश्नापेक्षा मोठा असतो. शेजारच्या पाच घरांत बिल पुढ्यात ठेवून "यात कशाकशाचे पैसे आहेत, मला समजावून सांगाल?" एवढं विचारलंत, तरी एका दुपारी भरपूर हाती लागेल.

ज्यांना पुढे शिकायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आयआयटी मुंबईत पवईला १९६९ मध्ये सुरू झालेलं आयडीसी आहे, आणि तिथे इंटरॅक्शन डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. प्रवेशासाठी सीड ही परीक्षा असते आणि तिला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, म्हणजे मानसशास्त्राचाही. तिथे प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला स्वरचक्र हा कीबोर्ड तुमच्या फोनवर घालून पाहा. एखाद्या व्यंजनावर बोट ठेवलं की त्याभोवती काना, मात्रा, वेलांटी यांसह त्याची रूपं चक्रासारखी उमटतात, आणि बोट त्या दिशेला सरकवलं की अक्षर लिहिलं जातं. मराठी माणूस बाराखडी मनात कशी धरतो यावर ती रचना उभी आहे. मराठी टंकलेखनाची सवय नसलेल्या एखाद्या काकांना तो कीबोर्ड द्या, 'प्रकृती' आणि 'श्रीवर्धन' लिहायला सांगा, आणि जोडाक्षरापाशी त्यांचं बोट कुठे रेंगाळतं ते पाहा. दुसऱ्यांनी विचारपूर्वक केलेलं काम अशा रीतीने वाचायला शिकलात, तर सीडच्या चित्रांच्या आणि रचनेच्या प्रश्नांनाही त्याचा उपयोग होईल.

या पावसाळ्यापूर्वी तुमच्यापैकी दोन-तीन जोड्यांनी स्टेशनवरचं काम पूर्ण केलं, तर मला ते वाचायला नक्की आवडेल. तुमच्या वाक्यात माझ्या वाक्यापेक्षा वेगळी अडचण निघाली असेल, तर ती आधी वाचेन.

तुमची,
पनवेलमध्ये राहणारी एक यूएक्स डिझायनर